‘मला चढतच नाही, त्याचं काय?’

वाचकाचं पत्र

आमच्या सोसायटीत गेल्या रविवारी आरोग्य शिबिर झालं. साखर, बीपी, वजन तपासून झाल्यावर एका डॉक्टरांनी दारूबद्दलच्या गैरसमजांवर वीस मिनिटं भाषण दिलं. आमच्या ह्यांनी मधेच उठून विचारलं, “डॉक्टर, पण मला चढतच नाही, त्याचं काय?” सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, “मग मला तुमच्याशीच जरा जास्त बोलायचंय.” तेव्हापासून घरात धुसफूस सुरू आहे. हे ५६ वर्षांचे. रोज रात्री दोनच पेग घेतात, तेही घरी, जेवणाआधी. बारा-पंधरा वर्षांत कधी तोल गेला नाही, आवाज चढला नाही, कामावर खाडा नाही. श्रावणही पाळतात. शिबिरात लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला, फक्त बीपी १५२/९४ निघालं. आता चिडून म्हणतात, “सोमवारपासून एकदम बंद, बघाच.” माझी जाऊ म्हणते, भाजीत मिसळायची पावडर मिळते, त्यांना कळणारही नाही. सासूबाई म्हणतात, घाबरवणं हे डॉक्टरांचं कामच असतं. मी कुणाचं खरं धरू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, सोमवार तोंडावर आला आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते. यजमानांना सांगा, सोमवार थोडा पुढे ढकला. त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या आणि मग तारीख ठरवा. डॉक्टर असून मी ‘लगेच बंद करू नका’ म्हणते आहे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण रोज घेणाऱ्या माणसाने एका रात्रीत हात आखडणं हे काहींच्या बाबतीत पिण्यापेक्षाही धोक्याचं ठरतं. आणि ज्यांना ‘चढत नाही’ त्यांच्याच बाबतीत ही भीती जास्त असते. म्हणजे त्यांनी शिबिरात विचारलेला प्रश्न आणि घरी केलेला पण, दोन्हींचं मूळ एकच आहे.

दारू मेंदूवर ब्रेकसारखी काम करते. विचार मंदावतो, हातपाय सैल पडतात, झोप येते. रोज संध्याकाळी कुणी असा ब्रेक दाबू लागलं की मेंदू गप्प बसत नाही, गाडी नीट चालावी म्हणून तो आपला ॲक्सिलरेटर वाढवत नेतो. काही वर्षांनी अशी वेळ येते की पूर्वी जेवढ्यात झिंग यायची तेवढ्यात काहीच वाटत नाही. माणूस म्हणतो, मला पचते. पचत काही नाही. रक्तात दारू तेवढीच असते. पोलिसांनी नळीत फुंकर मारायला लावली तर यंत्राला ती तेवढीच दिसेल. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ‘मला चढत नाही’ हा खुलासा तिथे चालत नाही. लिव्हर, हृदय, रक्तवाहिन्या यांनाही ती तेवढीच लागते. मेंदूने फक्त घंटा वाजवायचं बंद केलेलं असतं. ज्याला दुसऱ्या पेगला डोकं जड होतं तो उठून जेवायला बसतो. ज्याला काहीच होत नाही त्याला थांबवायला आतून कुणी उरत नाही.

आता असा माणूस एका रात्रीत दारू सोडतो तेव्हा ब्रेक निघतो, पण वाढवलेला ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. त्याला खाली यायला काही दिवस लागतात. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून पुढच्या दिवसभरात हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवर राग येतो. पुष्कळांचं एवढ्यावरच भागतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, तीही आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसाला. आणि थोड्यांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो: वेळ-ठिकाण कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं, ताप चढतो. त्यात जीव जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि एक दिवस त्यातच जातो. दवाखान्यात आणल्यावर मी विचारते, “शेवटचं कधी घेतली होती?” मग कुणीतरी हळूच सांगतं, “परवापासून सोडलीय, देवाला शपथ घातली होती.”

तुमच्या यजमानांना हे होईलच असं मी म्हणत नाही. होईल की नाही याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या थोडाफार बांधता येतो, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, ते खरंच किती घेतात. दोन, आतापर्यंत जेव्हा जेव्हा खंड पडला तेव्हा काय झालं.

पहिल्या गोष्टीकडे वळू. ‘दोनच पेग’ हे माप नाही, तो घरातला शब्द आहे. मी स्वतः सोसायट्यांमधून अशी भाषणं देते. साताऱ्यात एका ठिकाणी मी भाषणाऐवजी टेबलावर पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि घरात असतात तसे वेगवेगळे ग्लास मांडले आणि पुरुषमंडळींना म्हटलं, रोजच्यासारखा एक पेग ओता. मग प्रत्येकाचं पाणी मापाच्या नळकांड्यात ओतून दाखवलं. हॉटेलात मोठा पेग ६० मिलीचा असतो, लहान ३०. तिथे सगळ्यात हात राखून ओतणाऱ्याचाही सत्तरच्या पुढे गेला. एका काकांनी आपल्या ‘दोन बोटां’चं माप अगदी प्रामाणिकपणे ओतलं होतं, पण ग्लास रुंद तळाचा, त्यामुळे दोन बोटांत शंभर मिली बसले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मनुष्य खोटं बोलत नव्हता, त्याचा ग्लास बोलत होता.

हेच घरी करून बघा. ते रोज वापरतात तो ग्लास घ्या, ते ओततात त्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीत ओता, तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. शक्य असेल तर त्यांच्यासमोरच, त्यांच्याच हाताने करवून घ्या. चोरून केलं तर चोरी वाटेल, समोर केलं तर गंमत वाटेल. त्याहून सोपी युक्ती म्हणजे बाटलीचे दिवस मोजायचे. एक खंबा, म्हणजे ७५० मिली, किती दिवस पुरतो? भंगारवाल्याला महिन्याला किती रिकाम्या बाटल्या जातात?

माझ्याकडे कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ येत. तेही ‘दोनच’वाले. त्यांच्या पत्नीने महिनाभर बाटल्या बाल्कनीत बाजूला ठेवल्या, त्या आठ भरल्या. आठ गुणिले ७५० म्हणजे सहा लिटर, तीस दिवसांत, म्हणजे रोज २०० मिली. क्वार्टरपेक्षा जास्त. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलीच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे त्यांच्या ‘दोन’ पेगांत रोज ६५ ते ७० ग्रॅम, जवळजवळ सात लहान पेग. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पुरुषाने दिवसाला ६० ग्रॅमच्या पुढे घेणं ‘जास्त धोक्या’च्या रकान्यात येतं. ते ऐकून गृहस्थ म्हणाले, “पण डॉक्टर, मी वाढवली कधीच नाही.” तेही खरं होतं. वाढला होता तो ग्लास. मुलीच्या लग्नात सहा ग्लासांचा नवा सेट आला होता.

या दहा ग्रॅमच्या मापात बाकीच्या गोष्टीही मोजता येतात, आणि भाषणातले बरेच गैरसमज तिथेच मिटतात. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्क्यांची, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर, चार लहान पेगांइतकी. ‘बिअर म्हणजे काय दारू आहे का?’ असं विचारणारा एका बाटलीत दोन मोठे पेग पिऊन उठतो. आपल्या राज्यात बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५ आहे, त्यानेही लोकांचा समज पक्का होतो की ही निराळी जात. वाइनचंही तेच. आपल्याकडे तासगाव-पलूसच्या द्राक्षबागा डोळ्यांसमोर असल्यामुळे ‘द्राक्षाचाच तर रस, हृदयाला चांगला’ हे पटकन गळी उतरतं. दीडशे मिलीचा ग्लास म्हणजे दीड लहान पेग, आणि त्यातला रेणू व्हिस्कीतलाच. हृदयाचं भलं होतं हे पूर्वी बरंच बोललं गेलं, पण ते निष्कर्ष पुढे डळमळीत ठरले. कर्करोगाच्या बाबतीत मात्र १९८८पासून अल्कोहोल पक्क्या कारणांच्या यादीत आहे, मग ते द्राक्षाचं असो वा मळीचं. हृदयासाठी म्हणून कुणी सुरू करू नये. द्राक्षं खावीत, बेदाणे खावेत.

आता दुसरी गोष्ट, खंड पडल्यावर काय झालं. तुम्ही श्रावणाचा उल्लेख ‘म्हणजे व्यसन नाही’ या अर्थाने केला आहे. मला तोच सगळ्यात कामाचा वाटला, पण वेगळ्या कारणासाठी. श्रावण पाळणं हा त्यांच्या निग्रहाचा पुरावा आहे, यात शंका नाही. पण श्रावणाचे पहिले चार दिवस कसे गेले, हे आठवा. गटारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री झोप लागत होती का? उशी घामाने भिजली होती का? ‘उकडतंय’ म्हणत पावसाळ्यात पंखा वाढवला होता का? तुम्ही चहा दिलात तेव्हा कपाखाली बशी वाजत होती का? घरातल्या बायकांनी हे सगळं पाहिलेलं असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं, म्हणून ‘उपासाने चिडचिड होते’ असं म्हणून सोडून दिलेलं असतं.

खंड नसतानाही काही खुणा दिसतात. सकाळी पेपर धरताना किंवा दाढी करताना हात कापतो आणि दुपारपर्यंत ठीक होतो का? लग्नाला किंवा गावाला मुक्कामी जायचं तर संध्याकाळची ‘सोय’ आधी बघितली जाते का? सकाळी बरं वाटावं म्हणून कधी घोटभर घेतली आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर घरच्या घरी सोडायचा विचारच करू नका. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल तरीही नाही. आणि एक सांगते, पाच वर्षांपूर्वीचा श्रावण सुखरूप गेला म्हणून यंदाचाही जाईल अशी खात्री धरू नका. दर वेळी सोडणं आणि पुन्हा धरणं, यात मेंदू अधिकाधिक चिडका होत जातो असं दिसतं.

या खुणांपैकी काहीच नसेल आणि बाटलीचा हिशोबही खरंच लहान निघाला, तर एकदम बंद करायला सहसा अडचण येत नाही. पण ते ठरवायला हिशोब लागतो, म्हणून एवढं लांबण लावलं.

आता लिव्हरचा नॉर्मल रिपोर्ट. शिबिरात बहुतेक वेळा एकच तपासणी होते, एसजीपीटी, कारण ती स्वस्त पडते. लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यातलं हे द्रव्य रक्तात येतं. दारूमुळे होणाऱ्या इजेत मात्र त्याचं भावंड, एसजीओटी, जास्त वाढतं आणि एसजीपीटी पुष्कळदा मर्यादेतच दिसतं. शिवाय या दोन्ही चाचण्या आज किती पेशी फुटल्या ते सांगतात, दहा वर्षांत किती जागी व्रण धरला ते सांगत नाहीत. लिव्हर आतून घट्ट होत आलेल्या माणसाचा रिपोर्टही कधीकधी नॉर्मल येतो. लिव्हरची आणखी एक खोड अशी की ते दुखत नाही. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, रक्ताची उलटी झाली की मग कळतं. म्हणून त्या कागदावरचं ‘नॉर्मल’ हे तुम्ही ‘बरं आहे’ असं वाचू नका. ‘यात काही दिसलं नाही’ असं वाचा. नीट बघायचं तर एसजीओटी, जीजीटी, प्लेटलेटसह पूर्ण रक्तगणना आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं तरी हवं. पुढचं तुमचे डॉक्टर ठरवतील.

आणि ज्या आकड्यापुढे तुम्ही ‘फक्त’ लिहिलंत, १५२/९४, तोच माझ्या मते त्या कागदावरचा बोलका आकडा आहे. रोजची दारू रक्तदाब चढवते, आणि घेण्याचं प्रमाण कमी केलं की तो उतरूही लागतो, बऱ्याचदा काही आठवड्यांतच. एका मापावरून बीपीचा आजार ठरत नाही, शिबिराच्या गर्दीत तर नाहीच. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. पण बीपीची गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना बाटलीचा हिशोब सांगा. तो न सांगितल्यामुळे गोळ्या एकीच्या दोन आणि दोनीच्या तीन झालेले लोक मी पाहिले आहेत.

आता पावडर. ती घरात आणू नका, जाऊबाईंनी आणून दिली तरी भाजीत घालू नका. अशा पुड्यांत काय आहे ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काहींत काहीच उपयोगाचं नसतं, नुसते पैसे जातात. पण काही ठिकाणी बायकांच्या हातात डायसल्फिराम नावाच्या गोळीची पूड दिली जाते. ती खरी औषधाची गोळी आहे, आम्हीही देतो. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो लगेच पुढे निघून जातो, ही गोळी त्याची वाट अडवते. मग गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातं. गोळी घेतलेल्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो पिणं टाळतो. तिचा उपयोग एवढाच, की आपण काय घेतलंय हे त्याला माहीत असावं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा दोन पेग भरणार. ५६ वर्षांचा, बीपी वाढलेला माणूस, रात्री नऊ वाजता, भाजी-भाकरीच्या ताटावर कोसळला तर तुम्ही डॉक्टरांना काय सांगणार? गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. शिवाय ती लिव्हरलाही कधीकधी बाधते, म्हणून आम्ही आधी तपासण्या करून, त्यांच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावर सुरू करतो. दारूची ओढ कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्याही आहेत, त्या प्यायल्यावर असा तमाशा करत नाहीत. कोणती लागू पडेल ते लिव्हर आणि किडनी पाहून ठरतं.

तर मग करायचं काय? या आठवड्यात दोघं मिळून तुमच्या फिजिशियनकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ‘मानसोपचार’ शब्दाने यजमान बिचकतील, तर बीपीच्या निमित्ताने फिजिशियनकडेच जा. बीपी त्यांना मान्य आहे, दारू मान्य नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, साताऱ्याच्या वाचकांना ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र जवळ पडेल. घरातून बाहेर पडायचीच अडचण असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, दोन्ही फुकट.

डॉक्टरांना बाटलीचा हिशोब सांगायचा, आधीच्या श्रावणांचं सांगायचं, बशी वाजत होती का ते सांगायचं. धोका कमी वाटला तर बहुतेक जण घरीच सोडू शकतात: आठवडाभर मेंदूचा तो ॲक्सिलरेटर हळूहळू खाली आणणाऱ्या गोळ्या, रोज उतरता डोस, आणि सोबत बी-१ म्हणजे थायमिन. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय शेजाऱ्याकडून घ्यायच्या नाहीत; त्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. धोका जास्त वाटला तर चार-पाच दिवस दाखल करतील. तोवर रोजचं प्रमाण एकदम शून्यावर आणू नका, पण वाढूही देऊ नका. मापाने ओता आणि आधी जेवायला घाला.

थायमिनचं मुद्दाम सांगते, कारण ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात हमखास राहून जातं. बरेच दिवस पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ संपत आलेलं असतं. सोडल्यावर अशक्तपणा येतो, घरचे म्हणतात “एक सलाइन लावा”, आणि ग्लुकोजची बाटली लागते. उरलंसुरलं बी-१ ते ग्लुकोज वापरण्यात संपून जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर फिरते, चाल बिघडते, आठवण जाते. तेव्हा सलाइन लावायची वेळ आलीच तर “हे रोज पितात, आधी बी-१चं इंजेक्शन द्या” एवढं तुम्ही स्वतः बोला. लाजू नका. फिट आली, बोलणं असंबद्ध झालं, नसलेलं दिसू लागलं, ताप आला किंवा उलट्या थांबेनात, तर कुणाला विचारत बसू नका, १०८ला फोन करा.

सासूबाईंना मी दोष देणार नाही. त्यांच्या पिढीने दारुडा म्हणजे गटारात पडलेला, बायकोला मारणारा, एवढाच पाहिला. त्यांचा मुलगा तसा नाही, म्हणून त्यांच्या लेखी प्रश्नच नाही. तुम्हीही पत्रात तोल, आवाज, खाडा असंच मोजलंत. ते सगळं दुसऱ्यांना होणाऱ्या त्रासाचं मोजमाप आहे. त्यात ते पूर्ण पास आहेत, आणि ही साधी गोष्ट नाही. पण लिव्हर आणि बीपी वागणुकीचे मार्क बघत नाहीत.

एका गोष्टीत मात्र तुमच्याशी माझं पटत नाही. यजमानांनी भरसभेत तो प्रश्न विचारला तो तुम्हाला आडमुठेपणा वाटलेला दिसतो, म्हणून हसण्याचं शल्य राहिलंय. मी अशा भाषणांना पंचवीसेक वर्षं उभी राहते आहे. ज्याला काहीच विचारायचं नसतं तो मागच्या खुर्चीवरून चहाच्या वेळी निघून जातो. सगळ्या सोसायटीदेखत ‘मला’ असा शब्द वापरून प्रश्न विचारणारे फार थोडे असतात; बाकीचे ‘माझ्या एका मित्राला’ असंच विचारतात. त्यांच्या मनात ती शंका आधीपासून होती. डॉक्टरांचं उत्तर झोंबलं कारण लोक हसले. तेव्हा हा विषय रात्री ग्लास हातात असताना काढू नका, आणि ‘डॉक्टर बरोबर बोलले’ या वाक्याने तर मुळीच नको. सकाळी, फिरून आल्यावर, “तुमचा प्रश्न बरोबर होता, डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं नाही, ते आपण विचारून घेऊ” असं म्हणून बघा.

आणि निघताना तुम्ही घरी मोजलेला तो मिलीचा आकडा कागदावर लिहून घ्या. तिथे खुर्चीत बसल्यावर तोंडातून पुन्हा ‘दोनच’ निघतं.